देवीच्या नावानं सापुतारा

मी सचिनला राहतो, असं पुण्यामुंबईत सांगितलं की समोरचा क्षणभर माझ्याकडे आदरानं बघतो. सचिन हे गाव आहे, सुरतच्या दक्षिणेला भेस्तान आणि मरोलीच्या मध्ये त्याचं स्टेशन आहे, आणि क्रिकेट जन्माला येण्याआधीपासून ते तिथंच आहे, हे कळल्यावर तो आदर ओसरतो. खरं तर एके काळी हे संस्थान होतं. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका दावेदाराला १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात हे गाव मिळालं. आमच्याकडे बाहेरून येऊन स्थायिक होण्याची परंपरा नवाबापासून सुरू होते आणि मागाच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या आम्हा खानदेशी मंडळींपर्यंत येऊन थांबते. फरक एवढाच, की नवाबाला येण्याबद्दल गाव मिळालं आणि आम्हाला दहा बाय बाराची खोली.

बाहेरून आलेल्या माणसांना कुठं ना कुठं जायचं असतंच. आमच्या वस्तीतल्या मित्रमंडळात वर्षातून एकदा बैठक भरते ती याचसाठी. अजेंड्यावर एकच विषय असतो, पण चर्चा कुठं जायचं यावर होत नाही. ते ठरलेलं असतं. चर्चा होते ती त्या जाण्याला काय म्हणायचं यावर.

हा वाद रिकामटेकडा वाटेल, पण तसा तो नाही. आमचे सेक्रेटरी नाना मागाच्या खात्यात मास्तर आहेत आणि कोणत्या शब्दाला किती रुपये आणि किती सुट्टी मिळते हे त्यांना तोंडपाठ आहे. ‘ट्रिप’ म्हटलं की शेठ विचारतो, “काम कोण करणार?” आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. ‘सहल’ म्हटलं की तो हसतो, म्हणजे खाडा पडतोच, वर अपमानही होतो. ‘पर्यटन’ हा शब्द सरकारी फलकाबाहेर कुणी उच्चारत नाही. ‘टूर’ म्हटलं की लोक आधी विचारतात, नाश्ता धरून की सोडून. पण ‘देवीची यात्रा’ म्हणा. शेठ खुर्चीतून अर्धवट उठतो, कॅलेंडरवरच्या देवाकडे बघून हात जोडतो, सुट्टी देतो आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकीही देतो. बॅनरवर नाव मोठं घाला, एवढंच सांगतो. किराणावाला तेलाचा डबा पाठवतो. ट्रिपला तेलाचा डबा देणारा किराणावाला अजून जन्माला यायचा आहे.

म्हणजे अंतर किती, दिवस किती, डोंगर की समुद्र, यावरून जाण्याचं नाव ठरतं असं जे शाळेत शिकवलं, ते आमच्या वस्तीत लागू पडत नाही. नाव ठरतं ते परवानगी कुणाकडून काढायची आहे त्यावरून. शेठकडून काढायची असेल तर यात्रा. बायकोकडून काढायची असेल तर ‘कामासाठी जरा जाऊन येतो’. पोरांना शाळेकडून काढायची असेल तर सहलीआधी ‘शैक्षणिक’ लावायचं. त्या विशेषणामुळं वॉटर पार्कमध्येसुद्धा घसरगुंडीचा कोन मोजल्यासारखं वाटतं. नगरसेवकांना जनतेकडून काढायची असते, म्हणून ते परगावचं उद्यान बघायला जातात त्याला ‘अभ्यासदौरा’ म्हणतात. दौरा कसा ओळखावा, याची खूण सोपी आहे. जो जातो तो पैसे देत नाही आणि जे पैसे देतात ते जात नाहीत.

या सगळ्यात एक जाणं मात्र असं आहे की त्याला नावच नाही. आखाजी जवळ आली, की अर्धी वस्ती पिशव्या बांधते. उधन्याला जाऊन भुसावळकडे जाणारी गाडी धरायची. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, ज्याचं जे गाव येईल तिथं उतरायचं. नवापूरच्या फलाटाचा अर्धा भाग गुजरातेत आहे आणि अर्धा महाराष्ट्रात, त्यामुळं तिथं चहाला उतरलेला माणूस दोन पावलांत आंतरराज्य प्रवास करून येतो. रात्रभर दारात उभं राहून, एका पायावर, दुसऱ्याच्या गाठोड्यावर कोपर टेकून आम्ही हे अंतर कापतो. पण कुणी विचारलं, “कथा चालनात?” तर उत्तर एकच: “गावले.” त्याला कुणी प्रवास म्हणत नाही, यात्रा तर नाहीच. सगळ्यात जास्त हाल ज्या जाण्यात होतात त्याला नाव द्यायची फुरसतच मिळालेली नाही. शिवाय तिथं परवानगी लागत नाही. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणारच, हे शेठलाही ठाऊक असतं आणि रेल्वेलाही. रेल्वे तरीही डबे वाढवत नाही तो भाग वेगळा.

तर बैठक. गेल्या वेळी पोरांची मागणी होती सापुताऱ्याची. सापुतारा म्हणजे गुजरातचं एकमेव थंड हवेचं ठिकाण, डांगच्या डोंगरात, महाराष्ट्राच्या उंबऱ्यावर. तळं आहे, नावा आहेत, मक्याची कणसं आहेत, फोटोसाठी दरी आहे. नानांनी ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: ‘श्री सप्तशृंगी देवी दर्शन यात्रा, वणी.’ पोरं ओरडली. नाना शांतपणे म्हणाले, “रस्ता कुठून जातो?”

रस्ता सापुताऱ्यावरूनच जातो. सचिनहून नवसारी, चिखली, वांसदा, वघई, मग घाट चढून सापुतारा. तिथून हद्द ओलांडली की हातगड, बोरगाव, आणि पुढं वणीच्या बाजूनं नांदुरी. नांदुरीहून दहाएक किलोमीटरचा घाट चढला की गड. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. सापुताऱ्याला जायचं असेल तर अलीकडेच थांबावं लागतं, वणीला जायचं असेल तर ते वाटेत फुकट मिळतं. पोरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी देवीचा जयजयकार केला.

पण यात्रा म्हटली, की तिच्या अटीही येतात. पहिली अट तारखेची. खानदेशातली माणसं देवीला चैत्रात जातात, रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत, त्यातही हजारो पायी, भर उन्हात, डांबर वितळत असताना. देवीचं माहेर खानदेशात, असं आमच्याकडे मानतात. म्हणजे ती आमची लेक आणि चैत्रात आम्ही लेकीला भेटायला जातो. आक्का, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांच्या आजी, यांचं म्हणणं पडलं की जायचं तर चैत्रातच. नानांनी हात जोडले. कारण आपली यात्रा वेगळी आणि देवीची यात्रा वेगळी. देवीची यात्रा भरलेली असते तेव्हा खासगी गाड्या नांदुरीला पायथ्याशीच अडवतात आणि वर एसटीच्या बसनं जावं लागतं. बावन्न माणसं, अकरा पोरं, तीन तापट म्हातारे आणि प्रसादाचं पातेलं घेऊन त्या रांगेत उभं राहायचं म्हणजे पुन्हा आखाजीची गाडीच. नानांचा सिद्धान्त असा की यात्रेत यात्रा करू नये. शेवटी माघातला रविवार ठरला. आक्कांना सांगितलं की गर्दी नसली की देवीला आपल्याशी बोलायला वेळ मिळतो. हे त्यांना पटलं.

दुसरी अट आक्कांची स्वतःची. ट्रिप असती तर आक्का घरी राहिल्या असत्या, कुलूप म्हणून. यात्रा झाल्यामुळं त्या एकदम प्रमुख झाल्या. पुढची सीट, खिडकी, आणि वाटेत काय खायचं याचा अंतिम अधिकार. त्यांनी पहिलाच हुकूम काढला, की दर्शन होईपर्यंत गाडी सापुताऱ्याला थांबणार नाही. देवाला जाताना मध्ये मजा केली तर यात्रा बाटते. पोरांनी काचेला नाकं लावून तळं जाताना पाहिलं.

इथं मला आमच्या भागाचा इतिहास आठवतो, आणि तो नानांच्या वहीइतकाच बोलका आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. बहिर्जी नाईकांनी आधी शहराची खबर काढून ठेवली होती. निघताना महाराजांनी बाहेर काय सांगितलं? ग्रँट डफ लिहितो की, उत्तरेकडच्या किल्ल्यांची पाहणी आणि नाशिकजवळच्या देवळात दर्शन, असं निमित्त पुढं केलं होतं, आणि बरोबर होते चार हजार स्वार. देवदर्शनाला चार हजार घोडेस्वार कशाला, असं मोगलांच्या एकाही हेराला विचारावंसं वाटलं नाही, यातच ‘दर्शन’ या शब्दाची ताकद आली. फौज गणदेवीला दिसली तेव्हा कुठं सुरतेत पळापळ झाली. गणदेवी आमच्या दक्षिणेला, उधना आमच्या उत्तरेला, मध्ये आम्ही. ६ जानेवारीला महाराज सुरतेपुढं उभे होते, सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला होता आणि १० तारखेला सगळं आटोपून फौज परत फिरली. पाच दिवस. एवढ्या वेळात आमच्या मंडळाची वर्गणीसुद्धा गोळा होत नाही. त्या जाण्याला इतिहासाची पुस्तकं स्वारी म्हणतात, मोहीम म्हणतात; सुरतेत अजून काही लोक वेगळा शब्द वापरतात आणि आपण मराठी माणसं तेवढ्यापुरते विषय बदलतो.

याच पट्ट्यातून २६६ वर्षांनी दुसरं एक जाणं गेलं, उलट दिशेनं. १२ मार्च १९३० ला महात्मा गांधी ७८ माणसं घेऊन साबरमतीहून निघाले. १ एप्रिलला सुरत, २ तारखेला दिंडोली आणि वांझ, ३ ला धामण आणि नवसारी, ५ ला दांडी. वांझ सचिनच्या शेजारचंच गाव. त्या तुकडीत आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरेही होते, म्हणजे मराठी माणूस होता आणि काम भजनाचं होतं. गांधीजींनी कुठं जाणार हे लपवलं नाही. उलट कायदा मोडणार असल्याचं पत्र आधीच व्हाइसरॉयला लिहून टाकलं. निःशस्त्र, पायी, एकसष्टाव्या वर्षी, सोमवारी विश्रांती. आता गंमत बघा. गुजराती माणूस या चालण्याला ‘दांडी कूच’ म्हणतो. कूच हा फौजेचा शब्द, तंबू उखडून, नगारा वाजवून निघण्याचा. म्हणजे सशस्त्र स्वार देवदर्शनाच्या नावानं गेले आणि झोळीत टकळी घेतलेली माणसं फौजेच्या नावानं. आपण मराठीत मात्र तिला ‘दांडीयात्रा’च म्हणतो, आणि शाळेत दांडी मारणारी पोरं परीक्षेत तिच्यावर टीप लिहितात.

नियोजन कसं करावं, हे मात्र गांधीजींकडून शिकावं. पुढं पाठवलेली विद्यार्थ्यांची तुकडी गावोगाव जाऊन माहिती गोळा करायची. गावकऱ्यांना आधीच कळवलं होतं की अंथरूण आमचं आम्ही आणू, तुम्ही फक्त झोपायला स्वच्छ जागा द्या. जेवण अगदी साधं, गोडधोड नको. तरी सुरतेच्या अलीकडे, भटगामला, गडबड झालीच. पाहुणचाराच्या उत्साहात कुणी सुरतेहून मोटारीनं दूध आणवलं, रात्री वाट दिसावी म्हणून माणसांच्या डोक्यावर किटसनचे दिवे चढवले. २९ मार्चच्या सभेत गांधीजींनी सगळ्यांसमोर हिशेब मांडला. आपण गरिबांच्या नावानं निघालो आहोत आणि गरिबाला परवडणार नाही असा खर्च करतो आहोत, असं स्वतःला धरून सुनावलं. जाण्याचं नाव एकदा मोठं ठेवलं, की दुधाच्या कपाचासुद्धा जाब द्यावा लागतो. सहल असती तर कुणी दिव्यांबद्दल बोललं नसतं, फार तर फोटो चांगले आले असते.

आमच्याकडे जाब विचारायला आक्का होत्या. गडावर दर्शन नीट झालं. देवीची अठरा हातांची मूर्ती बघून सगळ्यात धाकट्या पोरानं विचारलं, हिला होमवर्क किती लवकर होत असेल. आक्कांनी त्याला दटावलं आणि मग स्वतःच हसल्या. पायऱ्या चढून गेलेल्यांनी रोपट्रॉलीनं आलेल्यांकडे तुच्छतेनं पाहिलं; यात्रेत दमल्याशिवाय पुण्य लागत नाही असं त्यांचं मत होतं. ट्रॉलीवाल्यांचं मत असं की देवीनं गुडघे दिले ते जपण्यासाठी. प्रसाद झाला आणि तिथं, साधारण दुपारी एकच्या सुमारास, यात्रा संपली. म्हणजे दर्शनाचं काम झालं आणि घरी पोहोचायला अजून अर्धा दिवस उरला. या उरलेल्या अर्ध्या दिवसासाठीच बहुतेक लोक आले होते.

परतीच्या वाटेवर एकाच बसमध्ये तीन वेगवेगळी जाणी बसलेली होती. बायका आणि पोरं सहलीला निघाली होती, त्यांना तळं हवं होतं. आक्का अजून यात्रेतच होत्या, जपमाळ चालू होती. आणि मागच्या सीटवर सात-आठ पुरुष होते, त्यांच्यात बोरगाव सुटल्यापासून एक गंभीर इतिहासप्रेम जागं व्हायला लागलं होतं.

वाचकांना माहीत असावं की गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. हद्दीच्या अलीकडे महाराष्ट्रात ती नाही. आणि हद्दीच्या अगदी अलीकडे, सापुताऱ्याच्या तोंडाशी, हातगड नावाचा किल्ला आहे. भूगोलानं एवढी सोय करून ठेवल्यावर माणसांनी नाकारणं बरं दिसत नाही. त्या मागच्या सीटवरचे आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, “आपण मराठी माणसं. किल्ला बघितल्याशिवाय पुढं जायचं?” हिला त्यांनी ‘हातगड मोहीम’ असं नाव दिलं. मोहीम म्हटल्यावर बायका-पोरांना नेता येत नाही, हे ओघानं आलंच. बस त्यांना घेऊन सापुताऱ्याला जाईल, मोहीमवीर मागाहून जीपनं येतील. वहिनींनी एवढंच विचारलं, की मोहिमेला चपला चालतात का.

हातगड अवघड किल्ला नाही. निम्म्या उंचीपर्यंत गाडी जाते आणि पुढची चढण धडधाकट माणसाला अर्ध्या-पाऊण तासाची. आमच्या मावळ्यांना तीन तास लागले. संध्याकाळी तळ्याकाठी ते उतरले तेव्हा फार प्रसन्न होते आणि बडीशेपेचा वास येत होता. वहिनींनी विचारलं, “किल्ल्यावर काय पाहिलं?”

“टाकी,” आप्पा म्हणाले. “पाण्याची टाकी. कातळात कोरलेली.”

“भरलेली होती?”

“आम्ही गेलो तेव्हा होती.”

मंडळाच्या हिशेबाच्या वहीत हा खर्च कुठं लिहायचा, हा प्रश्न नानांनी चुटकीसरशी सोडवला. मराठीत त्यासाठी एक अत्यंत सभ्य शब्द शेकडो सांस्कृतिक कार्यक्रमांनी घासूनपुसून ठेवलेला आहे: ‘श्रमपरिहार’. त्यात श्रम कुणी केले हे सांगावं लागत नाही. खर्च मात्र मोहिमेवर गेलेल्यांच्याच नावावर टाकला, कारण तेलाचा डबा आणि बाटल्या देवीच्या नावावर मिळाल्या होत्या आणि त्यात पाच पैशांची सरमिसळ झाली असती तर आक्कांनी नानांनाच गडाच्या पायऱ्या परत चढायला लावल्या असत्या. वही उघडून बघितली तर एकाच दिवसाची चार शीर्षकं दिसतात. देवीदर्शन, बालसहल, हातगड मोहीम, श्रमपरिहार. एकच बस, एकच ड्रायव्हर, आणि तो बिचारा दिवसभर ज्याला ‘भाडं’ म्हणत होता तेच हे.

परतताना वाटेत गाडी तपासायला पोलीस चढले. त्यांनी विचारलं, “कुठून?” मागच्या सीटवरून आठ आवाज एकदम आले, “यात्रेहून.” पोलिसानं आक्कांच्या हातातली जपमाळ, कपाळावरचं कुंकू आणि मांडीवरचं प्रसादाचं पातेलं पाहिलं, नमस्कार केला आणि गाडी सोडली. आक्का पुढं का बसवायच्या असतात, याचं उत्तर त्या दिवशी नव्या सभासदांना मिळालं.

या वर्षीची बैठक परवा झाली. पोरांनी या वेळी थेट गोवा मागितला. पाच दिवस. दिवाळीनंतर माग बंद असतात, खाड्याचा प्रश्न नाही. पण पैशांचा होता आणि घरच्यांचा होता. नानांनी पेन काढलं, थोडा विचार केला आणि शीर्षक लिहिलं: ‘श्री मंगेशी व शांतादुर्गा दर्शन यात्रा.’ पहिलं नाव अर्थातच आक्कांनी नोंदवलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि कार्यक्रमाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचून घेतला.

“पाच दिनमा दोनच देवळं?” त्या म्हणाल्या. “मंग बाकीना दिन काय करशात रे?”

नानांनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

“प्रदक्षिणा,” ते म्हणाले.